हातातले वीस मार्क

प्रतिभा मॅडमना खोटं बोलता येत नाही, हे तेलंगणातल्या बेल्याच्या आसपासच्या गावांत सगळ्यांना ठाऊक होतं. आणि खरं सांगायचं तर त्यापायी सगळे थोडे वैतागलेलेही होते. आता बघा, शाळा तपासायला साहेब आले, हेडमास्तर सुधाकरराव हात जोडून म्हणाले, "सगळी मुलं हजर आहेत सर," आणि मागून बाईंचा आवाज आला, "नाही सर, दहावीतली चार नाहीत. कापूस वेचायला गेलीत." सुधाकररावांनी मग पुढचे दोन दिवस बाईंशी कामापुरतंही बोलणं टाकलं. कुणाच्या लग्नात कुणी विचारलं, बाई, भाजी कशी झाली, तर बाई म्हणणार, थोडी खारट आहे. अशा माणसाबरोबर राहणं सोपं नसतं. बाईंचे मिस्टर आदिलाबादला बँकेत आहेत, ते तर म्हणायचे, "हिला काही विचारायचं असलं की मी आधी पाणी पितो."

पण पोरांच्या आईबापांचा भरवसा होता तो ह्याच बाईंवर. गावातलं मराठी माध्यमाचं सरकारी हायस्कूल, दहावीत सारी चौदा लेकरं. बाकीची केव्हाच पिवळ्या बसमध्ये बसून इंग्लिश मीडियमला गेलेली. उरलेल्या चौदांच्या बाई वर्गशिक्षिका. समाजशास्त्र शिकवायच्या, मराठी शिकवायच्या आणि तेलुगूचे सर नसले की तेलुगूही शिकवायच्या. स्कूटीवर रोज आदिलाबादहून यायच्या, डिक्कीत खडूचा डबा आणि एक जुनी साडी, चिखलात पडल्या तर बदलायला. वीस वर्षं झाली, ती साडी दोनदाच लागली, असं त्या अभिमानाने सांगायच्या. तेही खरंच असणार.

जुलैचा तिसरा शनिवार आला. त्या दिवशी पालकांची मीटिंग असते. एरवी सात-आठ जण यायचे, सही ठोकायचे आणि चहा पिऊन जायचे. ह्या वेळी मात्र वर्ग भरला, माणसं खिडकीबाहेर उभी. सगळी करामत नागोरावांची. नागोरावांचं किराणा दुकान, आणि दुकानात तेलमिठापेक्षा बातम्या जास्त. त्यांनी आठवडाभर प्रत्येक पुडीबरोबर एक बातमी बांधून दिली होती: दहावीचे वीस मार्क सरकारनं कापले! आता कोणाचंच पोरगं पास होत नाही!

बाईंनी आधी सगळ्यांना बसवलं. बाया पुढच्या बाकांवर, माणसं मागे. मग फळ्यावर दोन चौकोन काढले, एक मोठा, एक लहान.

"हे बघा," त्या म्हणाल्या, "आजवर दहावीचा प्रत्येक विषय असा होता. ऐंशी मार्कांचा पेपर मार्चमध्ये, तो बोर्ड तपासायचं. आणि हे वीस मार्क शाळेचे. वर्षातून चार वेळा आम्ही मुलांना तपासतो. मूल वर्गात कसा भाग घेतं त्याचे पाच, वहीतल्या लिहिण्याचे पाच, प्रोजेक्टचे पाच आणि छोट्या चाचणीचे पाच. चारही वेळांची सरासरी काढायची आणि ते मार्क हैदराबादला पाठवायचे."

"तुमच्या हातातले मार्क," नागोराव मागून म्हणाले.

"हो, शाळेच्या हातातले."

"आन आता?"

"गेल्या हिवाळ्यात हुकूम निघाला. ह्या वर्षीपासून शाळेचे वीस मार्क नाहीत. शंभरच्या शंभर मार्कांचा पेपर." बाईंनी लहान चौकोन पुसून टाकला. "आमच्या चार चाचण्या होतील, पण त्यांचे मार्क दहावीच्या निकालात धरणार नाहीत."

वर्गात एकदम कालवा झाला. आशाबाई, जिचा पोरगा दोन वर्षं गणिताशी झटापट करून राह्यला होता, ती पदर सावरत उभी राहिली. "अवं मॅडम, मंग आमच्या लेकराले कोन पाह्यन? पेपर तपासनाऱ्याले का माहीत, आमचं पोरगं रोज शाळेत येते म्हनून?"

"आशाताई, घाबरू नका. पास होणं काही अवघड झालं नाही. आधीही पेपरात ऐंशीतले अठ्ठावीस आणावेच लागत होते. शाळेच्या वीसमधले सात. झाले पस्तीस. आता शंभरात पस्तीस. हिशेब तोच आहे."

"पन ते सात तं कोनालेच कमी पडत नव्हते!"

 दुसरं कुणी असतं तर विषय बदलला असता. बाई म्हणाल्या, "नाही पडत. बरोबर आहे तुमचं."

"आन काढले काऊन मंग?" नागोरावांनी विचारलं.

"काही शाळा पोराचं तोंड न पाहताच वीसचे वीस देतात, अशी तक्रार होती."

"आन तुमी?"

"मी ज्याचे जेवढे तेवढे देते. तुमच्या भारतला नववीत बारा दिलेत."

सगळा वर्ग हसला. नागोरावांचा चेहरा असा झाला की जणू कुणी त्यांनाच तराजूत घातलं. पण हसण्याने हवा जरा हलकी झाली. बाईंनी मग शांतपणे एकेकाला सांगितलं: कुणाला कशात मेहनत घ्यावी लागेल, रोज किती वेळ लिहायला बसवा, कापसाच्या वेचणीला पोरांना घरी ठेवू नका. "आता वहीवर भागणार नाही, पेपरातच दाखवावं लागेल," असं त्या चार वेळा म्हणाल्या. पालकांनी माना डोलावल्या. भीती काही पूर्ण गेली नव्हती, पण निदान नागोरावांच्या दुकानातली भीती राहिली नव्हती.

चंपतराव सगळ्यात शेवटी बोलले. हा माणूस वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर पिकवणारा. बेल्याच्या बाजारात त्याचं पाल असतं, आणि तिथंही तो ओरडून विकत नाही, गिऱ्हाइकानं येऊन विचारायचं. त्याची लेक हर्षाली दहावीत. ती तीन वर्षांची असताना चंपतराव तिला बासरला घेऊन गेले होते, सरस्वतीपुढं तांदळात पहिलं अक्षर गिरवायला. तिथं मंदिरातून परतताना त्यांनी दहावीनंतरच पोरांना इंजिनिअरिंगला घेणाऱ्या विद्यापीठाचं ते मोठं फाटक पाहिलं आणि तिथंच ठरवून टाकलं, की पोट्टी इथंच येणार. बायको वच्छलाबाई हसली होती, अजून नाक पुसता येत नाही लेकीला आन तुमी इंजिनेर करून राह्यले. पण चंपतराव विसरले नाहीत. दोन वर्षांपूर्वी ह्याच शाळेतली भाग्यलक्ष्मी बासरला लागली, तेव्हा तर त्यांनी गावभर पेढे वाटले होते, जसं काही त्यांचीच लेक.

"मॅडम," चंपतराव उभे राहून म्हणाले, "हर्षालीचं कसं?"

बाईंना हर्षाली फार आवडायची. गेल्या वर्षी तिनं बापाच्या वाडीतल्या भाज्यांच्या बियांचा तक्ता केला होता, प्रत्येकाचं मराठी नाव, तेलुगू नाव, किती दिवसांत उगवते, सगळं. बोलायला लागली की थांबायची नाही. पण पेपर हातात आला की पोरीचा हात जड व्हायचा. एकेक वाक्य कोरत बसायची, आणि घंटा व्हायची तेव्हा दोन प्रश्न कोरे.

"हर्षालीला शाळेचे वीसच्या वीस मिळत होते," बाई म्हणाल्या. "ते तिचे कमावलेले होते. पेपरात मात्र ती मागे पडते. तिला सगळं येतं, पण वेळेत लिहून होत नाही."

"मंग बासर?"

"बासरला दहावीच्या मार्कांवरच घेतात. ते वीस तिचे हक्काचे होते, ते गेले. आता पेपरातच सगळं काढावं लागेल. अवघड आहे, चंपतराव. अशक्य नाही, पण अवघड आहे."

चंपतरावांनी फळ्यावरच्या त्या पुसलेल्या चौकोनाकडे पाहिलं. मग त्यांनी विचारलं, "आन नदीपल्याड, महाराष्ट्रात कसं हाय जी?"

"तिकडे अजून वीस मार्क शाळेकडे आहेत."

खरंच होतं ते. त्यापुढचंही बाई सांगणार होत्या, त्यांच्या जिभेवर आलंही होतं. पण तेवढ्यात जेवणाची घंटा झाली, पोरं ताटं वाजवत वरांड्यातून धावली, आणि नागोराव बाईंच्या टेबलाशी येऊन बाराचे पंधरा कसे होतील ते विचारायला लागले. अहो, आता ते मार्क धरतच नाहीत, हे त्यांना दोनदा सांगावं लागलं. वळून बघितलं तर चंपतराव निघून गेले होते.

बाईंनी रविवारी घरी बसून हर्षालीसाठी बेत आखला. रोज शाळा सुटल्यावर अर्धा तास, घड्याळ लावून एकच प्रश्न लिहायचा. सुंदर अक्षर गेलं चुलीत, उत्तर पूर्ण झालं पाहिजे. मार्चपर्यंत हात सुटेल, बाईंची खात्री होती. आधी दोन पोरांचे हात असेच सुटले होते. मिस्टर म्हणाले, दुसऱ्याच्या पोरीसाठी रविवार घालवतेस. त्या म्हणाल्या, हो.

सोमवारी हर्षाली आली नाही. मंगळवारी बाईंना आदिलाबादला ट्रेनिंगला जायचं होतं. बुधवारी त्या शाळेत आल्या तर सुधाकरराव म्हणाले, "चंपत आला होता. लेकीचा टी.सी. घेऊन गेला."

बाईंनी पर्स टेबलावर टाकली. "तुम्ही दिला?"

"मागितला तर द्यावाच लागतो, मॅडम. तुम्हीच नियम सांगत असता ना. आत्याकडे शिकवतो म्हणाला, पैनगंगेपल्याड." मग जरा घुटमळून म्हणाले, "तुमच्याच मीटिंगमध्ये त्याला समजलं म्हणे, तिकडे वीस मार्क आहेत म्हणून."

बाई तशाच स्कूटीवर बसल्या आणि चंपतरावांच्या वाडीवर गेल्या. चंपतराव वांग्याच्या ओळीत निंदण करून राह्यले होते. बाईंना पाहून त्यांनी विळा खाली ठेवला आणि हात धोतराला पुसले. वच्छलाबाईनं बाजेवर गोधडी टाकली, पण बाई बसल्या नाहीत.

"चंपतराव, हे काय केलंत? मला विचारलं तरी असतंत!"

"तुमालेच तं विचारलं, मॅडम. सगळ्यांच्या समोर विचारलं."

"मी तिकडे पाठवा म्हणाले नव्हते."

"नाई म्हनल्या. तिकडं वीस हायत एवढंच म्हनल्या." चंपतराव अगदी हळू बोलत होते, भांडण नव्हतंच त्यांच्या आवाजात. "नागोराव म्हनला असता ना मॅडम, तं मी जागचा हललो नसतो. त्याचं काय, तो रोज कायतरी बोलते. पन तुमी खोटं बोलत नाई. तुमी म्हनल्या अवघड हाय, म्हंजे अवघडच असन. म्हनून तं पाठोली."

 मग बाईंनी शनिवारी राहिलेलं सांगितलं. बासरला बहुतेक जागा तेलंगणात शिकलेल्या पोरांच्या. सरकारी शाळेतल्या लेकरांना तिथं झुकतं माप मिळतं, तेही इथल्याच शाळेचं. हर्षालीनं दहावी तिकडून केली तर ती तिकडची. मार्क कितीही पडले तरी बासरचं फाटक तिच्यासाठी जवळजवळ बंदच.

वच्छलाबाईचा हात तोंडाकडे गेला. चंपतरावांनी वांग्याचं एक किडकं पान चुरगळलं.

"मंग हे शनिवारीच काऊन नाई सांगितलं?"

"घंटा झाली, चंपतराव. तुम्ही निघून गेलात."

"घंटा," चंपतराव म्हणाले. एवढंच. मग म्हणाले, "आता टी.सी. तिकडच्या शाळेत देला. त्या हेडमास्तरच्या पाया पडलो मी, मॅडम. लगेच परत कसा मांगू? आन मार्कच नसन तं बासरवाले तरी का तिले घेतीन? तुमीच म्हनल्या ना, वीस गेले."

तेही खरंच होतं. हात सुटेल असं त्यांना वाटत होतं, पण वाटणं वेगळं आणि ठामपणे सांगणं वेगळं. त्या दिवशी बाईंना आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या जिभेचा राग आला. चार शब्द जास्त बोलल्या असत्या, किंवा चार कमी! घरी गेल्यावर त्या मिस्टरांना म्हणाल्या, "मी खरं सांगितलं आणि पोरीचं नुकसान केलं." ते म्हणाले, तुझी काय चूक. त्याचा काही उपयोग झाला नाही.

पुढचे आठवडे तेरा पोरांना शिकवताना त्या रोज शेवटच्या तासाला अर्धा तास घड्याळ लावायच्या. पोरं लिहायची. नागोरावांचा भारतसुद्धा सुधारायला लागला, हे तर नवलच. सुधाकरराव म्हणाले, बघा मॅडम, बरंच झालं, सगळ्यांनाच फायदा झाला. बाईंना त्यांच्या ह्या बोलण्याचा इतका संताप आला की त्या वर्गातून उठून पाण्याच्या टाकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

आणि मग ऑगस्टमध्ये, ऐन पावसाच्या दिवसांत, हैदराबादहून बातमी आली. सुधाकररावांनी मोबाइलवर वाचली, मग मोठ्याने वाचली, मग बाईंना बोलावून पुन्हा वाचली. दहावीची पद्धत बदललेली नाही. ह्या वर्षीही जुनंच राहणार. ऐंशी मार्कांचा पेपर, वीस मार्क शाळेचे.

बाई खुर्चीत बसल्या. "म्हणजे परत आले?"

"परत आले."

"आणि जुलैत आपण सगळ्यांना सांगितलं ते?"

"ते जुलैतलं खरं होतं," सुधाकरराव म्हणाले, आणि हसू की नको असं त्यांचं तोंड झालं. "हे आजचं खरं आहे."

पण बाईंच्या अंगात एकदम जीव आला होता. वीस परत आले म्हणजे हर्षाली परत येऊ शकते! दहावीच्या परीक्षेची नावं हैदराबादला जायला अजून वेळ होता. टी.सी. परत आणायचा, नाव पुन्हा पटावर घ्यायचं, झालं. पहिली चाचणी तिची हुकली होती, पण ती पुन्हा घेता येईल, सुधाकरराव हो म्हणाले. ह्या वेळी त्यांनीही कुरकुर केली नाही, उलट म्हणाले, "जा मॅडम, रविवारीच जा. मी सोमवारी सही करतो."

रविवारी बाई चंपतरावांच्या घरी गेल्या आणि तोंडावर हसू घेऊनच सांगितलं. वच्छलाबाईनं ऐकलं आणि कपाळावर हात मारून घेतला, तो आनंदाचा होता की कशाचा ते काही कळलं नाही. चंपतराव मोटारसायकल काढायला गेले. बाई मागे स्कूटीवर. पूल ओलांडला, नदी दोन्ही काठांना लागून गढूळ वाहत होती. पल्याडचा रस्ता खड्ड्यांचा, पण बाईंना आज खड्डे लागत नव्हते. पोरीला काय सांगायचं तेच त्या मनात घोळवत होत्या.

मथुराबाई, चंपतरावांची बहीण, दारातच भेटली. तिच्या सुनेचं बाळंतपण झालेलं, घरात शेक-शेगडीचा वास. हर्षाली आतून आली ती कडेवर बाळ घेऊन. बाईंना पाहून तिचा चेहरा असा उजळला की बाईंना रडूच फुटणार होतं.

"मॅडम! तुमी इकडं कशा?"

"तुला न्यायला आले. वीस मार्क परत आले, हर्षाली. परत चल, दहावीत बस."

हर्षालीनं बापाकडे पाहिलं. चंपतराव खाली बघत होते.

"मॅडम," हर्षाली म्हणाली, "मी इथं नववीत हाव."

बाईंना आधी कळलंच नाही. "नववीत? नववी तर तू पास आहेस."

मग चंपतराव बोलायला लागले, तुटक तुटक. तिकडचे हेडमास्तर म्हणाले होते, दुसऱ्या राज्यातून थेट दहावीत घेता येत नाही, बोर्डाची परवानगी काढावी लागते, पुस्तकं वेगळी, खटपट मोठी. नववीत बसवा, पाया पक्का होईल, एक वर्षाचं काय एवढं. चंपतराव हो म्हणाले. काय करणार होते? टी.सी. हातात होता, इकडं नाव कटलेलं, आणि नागोरावांच्या दुकानात सगळ्यांसमोर म्हणून बसले होते, की माझी लेक तिकडं दहावी करते आन वीस मार्क घेऊन येते. गावात कुणालाच सांगितलं नाही. वच्छलाबाईलासुद्धा पोरीकडूनच समजलं.

"काही बिघडलं नाही," बाई घाईने म्हणाल्या. "इकडे नववी, तिकडे दहावी. आमच्याकडे तिचा नववीचा निकाल आहे. उद्या टी.सी. आणा, उद्याच बसवते. सुधाकररावांशी बोलून आले आहे."

 मथुराबाई मधेच म्हणाली, "अवं बाई, पोट्टी इथं रुळली हाय. सूनबाईलेही हाताखाली कोनी पाह्यजे." चंपतरावांनी बहिणीकडे एक नजर टाकली, ती गप्प झाली. मग ते बाईंकडे वळले. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी बाईंच्या डोळ्यांत डोळे घालून पाहिलं.

"मॅडम, एक विचारू? राग मानू नका."

"विचारा ना."

"जुलैत तुमी म्हनल्या, वीस गेले. खरं होतं. आता म्हनता, वीस आले. हेबी खरंच असन. तुमी खोटं बोलत नाई." चंपतराव पुढं म्हणाले. "पन दिवाळीले पुन्यांदा गेले तं? संक्रांतीले? मी पोरीले इथून काढन, तिकडं घालन, आन मार्चात म्हनतीन नाई, शंभरचाच पेपर हाय. मंग ती ना इकडची ना तिकडची. तुमी मले लिहून देता का? तुमचं दस्तखत, शाळेची मोहर. की परीक्षेपर्यंत हेच राह्यन. लिहून द्या, मी आत्ताच्या आत्ता तिले गाडीवर बसवतो."

बाईंनी तोंड उघडलं. हो म्हणायचं होतं त्यांना. एकच शब्द होता. सुधाकररावांनी म्हटला असता, नागोरावांनी तर दहा वेळा म्हटला असता. हर्षाली बाळाला थोपटत बाईंकडे बघत होती. बाईंना ठाऊक होतं की वीस मार्क बहुतेक राहतील. बहुतेक. पण जुलैत त्यांना हुकूमही पक्काच वाटला होता. शाळेच्या मोहरेखाली त्या जे लिहिणार होत्या, ते त्यांच्या हातात नव्हतंच.

"लिहून कसं देऊ, चंपतराव," त्या म्हणाल्या. "ते माझ्या हातात नाही. मला वाटतं की राहील. पण मी सांगू शकत नाही."

चंपतरावांनी मान हलवली. त्यांना राग आला नाही, खरं तर हेच ऐकू येणार हे त्यांना आधीपासून माहीत असल्यासारखं दिसलं. "मंग राहू द्या," ते म्हणाले. "इथं निदान ठरलं तं हाय."

बाई पुष्कळ बोलल्या मग. बासरचं बोलल्या, भाग्यलक्ष्मीचं बोलल्या, पोरीचं वाया जाणारं वर्ष, सगळं. आवाज चढला त्यांचा, हातवारे झाले, शेजारच्या घरातली माणसं डोकावून गेली. चंपतराव ऐकत राहिले आणि प्रत्येक वेळी एवढंच म्हणत राहिले, "लिहून द्या, मॅडम." बाईंना ते लिहिता येईना. शेवटी त्या उठल्या. मथुराबाईनं चहा ठेवला होता, तो न घेताच.

हर्षाली स्कूटीपर्यंत सोडायला आली. बाळ आतल्या खोलीत रडायला लागलं होतं, आत्याची हाक येत होती, तरी ती आली. बाईंचे डोळे भरलेले पाहून तिलाच वाईट वाटलं असावं. तिनं त्यांच्या पदराला लागलेला चिखल बोटानं झटकला.

"रडू नका ना मॅडम," ती म्हणाली. "नववीच तं हाय. मले सगळं येते. सर विचारतात ना, सगळ्यांत पहिले हात माझाच वर असते."

आतून पुन्हा हाक आली, आणि ती पळाली.